जो बाळा जो जो रे जो: आमच्या घरचा पाळणा

धाकट्या बहिणीला मुलगी झाली ९ नोव्हेंबरला, पहाटे. बारशाला नेहमीचे राम-कृष्णाचे पाळणे म्हणायचेच, पण आमच्या बाळीचा म्हणून एक वेगळा पाळणा हवा असं घरात सगळ्यांचंच मत पडलं आणि ते काम मावशी म्हणून माझ्याकडे आलं. तो पाळणा कसा झाला ते सांगते. घरच्या बाळासाठी असं काही करायचं कुणाच्या मनात असेल तर त्यांना उपयोग होईल.

पाळण्याचा साचा आपल्याला आधीपासून माहीत असतो. ‘पहिल्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’ असं करत बाराव्या दिवसापर्यंत जायचं आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘जो बाळा जो जो रे जो’ म्हणायचं. हा साचा मोडायचा नाही हे मी आधीच ठरवलं. बारशाला आलेल्या बायकांच्या हातात आपण नवा कागद देतो. त्यांनी तो आधी पाहिलेला नसतो, कुणाचा चष्मा घरी राहिलेला असतो, कुणाच्या कडेवर नातू असतो. त्यांना ओळखीचा वाटावा असा ठेका आणि न बघता म्हणता यावं असं धृपद असेल तरच पाळणा सगळ्यांचा होतो. नाहीतर लिहिणारी एकटी म्हणत राहते आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात.

साचा तयार होता, पण त्यात घालायचं काय? कागद घेऊन बसलं की चंद्र, चांदणी, परी, गोजिरी, लाडाची बाहुली हे शब्द आपोआप येतात. मी ते येऊ दिले, लिहून काढले आणि मग एकेका ओळीला एकच प्रश्न विचारला: ही ओळ शेजारच्या बाळाच्या बारशाला म्हटली तर चालेल का? चालत असेल तर ती आमच्या बाळीची ओळ नव्हे. या एका प्रश्नात जवळजवळ सगळं गळून पडलं. उरली ती एकच गोष्ट, तिचं वजन. पावणेतीन किलो. ते मात्र तिचंच होतं.

म्हणून मी लिहिणं थांबवलं आणि विचारत सुटले. बहिणीला विचारलं, आईला, बाबांना, बहिणीच्या सासरच्यांना फोनवर. ‘बाळ कसं आहे’ असं विचारलं की ‘गोड आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत’ असं विचारलं की माणसं खरं बोलायला लागतात. बहीण म्हणाली, पहाटे कळा थांबल्यावर तिला खिडकीतून रंकाळा तलाव दिसायला हवा होता, पण धुकं इतकं होतं की पलीकडचा काठच नव्हता. बाळ जन्मलं तरी धुकं जागचं हललं नव्हतं. मला पहिली ओळ तिथेच मिळाली.

सगळ्यात मोठं घबाड बाबांकडे निघालं. बाबा दर वर्षी अंबाबाईच्या किरणोत्सवाला देवळात जातात. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: आमची अंबाबाई पश्चिमेला तोंड करून उभी आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. निदान यावीत अशी अपेक्षा असते. वाटेत ढग आले, हवेत बाष्प किंवा धूळ जास्त असली, तर किरणं मध्येच विरतात. मग जमलेली माणसं हात जोडून उद्याची वाट बघत घरी जातात.

आमच्या बाळीचा पहिला दिवस आणि किरणोत्सवाचा पहिला दिवस एकच निघाला. पाळण्यात पहिला, दुसरा, तिसरा दिवस मोजायचा असतो आणि देवळातही पहिला, दुसरा, तिसरा दिवसच मोजला जातो. ही गाठ मी मारलेली नव्हती, ती पडलेलीच होती. नऊ तारखेला संध्याकाळी बाबा देवळात होते आणि आई दवाखान्यात. बाबांनी फोन केला, ‘पायावर आली गं किरणं,’ तेव्हा आई म्हणाली, ‘हितं ही बघा की, दुपट्यातनं पाय बाहेर काढून झाडाय लागलीया.’ दोघांचं हे बोलणं मी जसंच्या तसं कडव्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी मात्र ढग आला. किरणं देवीच्या गुडघ्यापाशी आली आणि तिथेच मंदावली. आई म्हणाली, ‘पाळण्यात छातीपर्यंत आली असंच म्हण. कोण तपासायला येतंय?’ बाबा ऐकेनात. ते तिथे उभे होते, त्यांनी पाहिलं होतं. ‘जे झालं नाही ते पोरीच्या कानावर पहिल्याच गाण्यात कशाला घालायचं?’ मला बाबांचं पटलं, आणि नुसतं खरं म्हणून नव्हे. ढगामुळे कडवं सुधारलं. पायावर आली, छातीवर आली, मुखावर आली अशा सरळ चढणीत ऐकणाऱ्याला पुढचं आधीच कळतं. मध्ये अडलं की तिसऱ्या दिवसाची झळाळी खरी लखलखते.

आता छंदाचं. हे थोडं सावकाश सांगते, कारण पाळणा फसतो तो इथेच.

पाळण्याची एक ओळ साधारण सोळा मात्रांची, आठ आणि आठ. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ‘पहिल्या दिवशी’ मोजा: प एक, हि एक, ल्या दोन, दि एक, व एक, शी दोन. आठ भरल्या. पुढचं ‘उजाडताना’ हेही आठ. ओळ पूर्ण. धृपद मोजलं तर चौदा भरतात आणि शेवटचा ‘जो’ लांबवला की सोळा होतात. हे गणित बोटांवर करावं लागतं, पण अंतिम निकाल बोटं देत नाहीत, पाळणा देतो. आमच्या घरी तुळईच्या कडीला टांगायचा जुना लाकडी पाळणा आहे. त्याच्या दोऱ्या लांब, त्यामुळे तो सावकाश हलतो. पाळणा तिकडे जाताना आठ मात्रा, इकडे येताना आठ. एक हेलकावा, एक ओळ. भाड्याने मिळणारे स्टँडचे पाळणे ठेंगणे असतात, ते भराभर हलतात, आणि त्यांच्या तालावर म्हणायला गेलं की धाप लागते. तिथे एका ओळीला दोन हेलकावे धरावे लागतात. बारशाला कुठला पाळणा असणार हे आधी बघून घ्यावं असं मी म्हणते ते यासाठी.

माझी परीक्षक होती आजी, म्हणजे बाळाची पणजी. तिचं बालपण जात्यावरच्या ओव्या ऐकण्यात आणि म्हणण्यात गेलं. मी रिकामा पाळणा टांगला, त्यात वरवंटा ठेवला आणि दोरी तिच्या हातात दिली. तिने कागद घेतला नाही. ‘तू म्हण, मी वढतो,’ म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका ‘मी वढते’ म्हणत नाहीत, ‘वढतो’ म्हणतात.

किरणांच्या कडव्यात मी आधी ‘चरणकमली’ लिहिलं होतं आणि एका ओळीत ‘किरणस्पर्श’. आजीने दोरी थांबवली. ‘हे वाचायला चांगलं हाय, खरं म्हणायला जड जातंय. दम कुठं टाकायचा?’ तिचं बरोबर होतं. जोडाक्षरांची गर्दी एकटीने म्हटली तर निभावते. पंधरा-वीस बायका एकदम म्हणतात तेव्हा प्रत्येकीचा ‘स्प’ वेगळ्या क्षणी येतो आणि नुसती फसफस ऐकू येते. ‘पायी आले’ म्हटलं की सगळ्यांचा आवाज एका जागी पडतो. मी कागदावरचे असले शब्द एकेक करून काढले. ‘अंबाबाईच्या’ मात्र ठेवला. मोजला तर दोन मात्रा जास्त होतात, पण तोंडाने आपण ‘अंबाबाय’च म्हणतो आणि ते आठात चपखल बसतं. लिहिताना पूर्ण लिहायचं, म्हणताना जीभ सांभाळून घेते.

दुसरा अडथळा दिवसांच्या आकड्यांचा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, नवव्या हे सगळे चार मात्रांचे. ‘पाचव्या’ पाचाचा, पण घाईत चालतो. ‘बाराव्या’ मात्र सहा. ‘बाराव्या दिवशी आत्या आली’ म्हटलं की पाळणा परत येऊन लागतो तरी ओळ संपत नाही. नेमक्या नाव ठेवायच्या कडव्यात अडखळणं परवडणारं नव्हतं. आजीनेच तोड काढली. आपण एरवी ‘बाराव्याला या हं’ असं आमंत्रण देतोच की. ‘बाराव्याला’ म्हणजे आठ मात्रा, नेमक्या.

बारा दिवसांची बारा कडवी करावीत का, हा प्रश्न होताच. मी केली नाहीत. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवसासाठी काहीतरी रचावं लागतं आणि चंद्र-चांदण्या मागच्या दाराने परत येतात. शिवाय जुने पाळणे म्हणून झाल्यावर हा म्हणायचा, तोवर बायकांचे घसे कोरडे पडलेले असतात. आकडे गाळले तरी चालतं. पाचव्यावरून नवव्यावर उडी मारली तर कुणी अडवत नाही, क्रम उलटा होऊ नये एवढंच.

पाचव्या रात्री आमच्याकडे पाचवी पुजली. पाटा-वरवंटा मांडला, शेजारी कोरी वही आणि पेन ठेवलं. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असं मानतात, म्हणून लिहायची सोय. बहिणीने मुद्दाम शंभर पानी वही आणायला लावली. ‘भरपूर लिहू दे,’ म्हणाली. मला त्या कडव्यात सटवाईला थेट हाक मारावीशी वाटली. बाकीची कडवी घडलेलं सांगतात, हे एक मागणं मागतं. मागण्यात मी रूप, रंग, चांगलं सासर असलं काही घातलं नाही. वाट मोकळी असू दे, एवढंच घातलं.

नववा दिवस सासरचा. पाळण्यात दोन्ही घरं यायला हवीत, आणि ही गोष्ट मात्रांपेक्षा नाजूक असते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पहिले सगळे दिवस आमच्याच घरात घडलेले. बाबा आले, आई आली, पणजी आली. बाळाची आजी आणि आबा पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावी, तिथे त्यांचं गुऱ्हाळ. नातेवाइकांची नावं घालून सगळ्यांना खूश करायचं ठरवलं तर ते संपतच नाही. एका काकूचं नाव आलं की दुसरीचं का नाही, असं होतं. मी नाव कुणाचंच घातलं नाही, पण त्या घरात त्या दिवसांत काय चाललं होतं ते विचारलं. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे उसाचा आणि गुळाचा हंगाम. नवव्या दिवशी त्यांच्या गुऱ्हाळावर मोसमातली पहिली काहील चढली. रस उकळला, मळी काढली, आणि गुळव्याने काकवी चाखून सांगितलं की यंदा चव चांगली उतरलीय. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर जिलेबी वाटायची रीत आहे. आबांनी दोन्ही बाजूला ठेवलं, नवी ढेप दारात आणून फोडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर गूळ ठेवला. हे बाळाच्या आजीने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जो आनंद होता, त्याच्यासाठी ते कडवं पाळण्यात असायलाच हवं होतं. फोन ठेवताना म्हणाली, ‘आमचे हे लई हौशी.’ तो शब्द मी तिचाच उचलला.

आता नाव. नाव आत्या ठेवते आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणाला सांगत नाही. बहीण-मेव्हण्यांनी आणि आत्याने मिळून ते ठरवलं होतं आणि तिघांचीही तोंडं बंद होती. पण शेवटच्या कडव्यात नाव नसेल तर तो पाळणा कसला? मी आत्याबाईंना इचलकरंजीला फोन लावला. ‘नाव नका सांगू, फक्त अक्षरं किती आणि ऱ्हस्व की दीर्घ तेवढं सांगा.’ त्या बराच वेळ हसल्या आणि मग म्हणाल्या, ‘दोन अक्षरं. दोन्हीला काना. ह्याच्यापुढं इचारायचं न्हाई.’

मला तेवढं पुरेसं होतं. राधा, माया, आभा, छाया, तारा, काहीही असो, दोन दीर्घ अक्षरं म्हणजे चार मात्रा. आणि ‘बाळा’ म्हणजेही दोन दीर्घ अक्षरं, चारच मात्रा. मग नाव ओळीत कुठेतरी कोंबायची गरजच नव्हती. धृपदातला ‘बाळा’ काढायचा आणि त्या जागी नाव ठेवायचं. सगळ्या कडव्यांत बायका ‘जो बाळा’ म्हणत आलेल्या असतात, ती जागा त्यांच्या तोंडात पक्की बसलेली असते. शेवटी त्याच जागी नाव येतं. बाळाला नाव मिळणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

नाव यमकात बांधू नये असं मला पक्कं वाटतं. एक तर गुपित फुटतं. आधीच्या दोन ओळी ‘वारा’ आणि ‘धारा’ने संपल्या तर तिसरी ऐकायच्या आधीच कुणीतरी नाव ओरडतं. दुसरं म्हणजे नावासाठी यमक शोधताना ओळीतलं खरं निसटतं. धृपदात ठेवलं की दोन्ही टळतं. तुमच्या बाळीचं नाव याच मापाचं नसेल तर थोडं इकडंतिकडं करता येतं. शर्वरी, ईश्वरी अशी पाच मात्रांची नावं असतील तर पुढचा एक ‘जो’ कमी करून ‘जो शर्वरी जो रे जो’ म्हणायचं. ‘सई’सारखं आखूड नाव असेल तर ‘ई’ लांबवायची, पाळणा तेवढा वेळ देतो. ‘मृण्मयी’ला मात्र आधी घरात दोन-चार वेळा म्हणून बघा, तिथे जोडाक्षर नेमकं जोरावर येतं.

शेवटी कागदावर उतरलं ते असं. ‘बाळा’च्या जागी मी शेवटी नुसती रेघ ओढून ठेवली होती.

पहिल्या दिवशी उजाडताना
रंकाळ्यावर धुकं हलेना
पावणेतीन किलो दागिना
जो बाळा जो जो रे जो

त्या सांजेला किरण वळाले
अंबाबाईच्या पायी आले
दवाखान्यात पाय उडाले
जो बाळा जो जो रे जो

दुसऱ्या दिवशी ढगात अडले
गुडघ्यापाशी ऊन थांबले
भुकेने हिने सूर लावले
जो बाळा जो जो रे जो

तिसऱ्या दिवशी मुखी झळाळी
घंटा वाजे सायंकाळी
पणजीस दिली गालची खळी
जो बाळा जो जो रे जो

पाचव्या दिवशी कोरी वही
सटवाई कर ठळकशी सही
वाटेत हिच्या अडसर नाही
जो बाळा जो जो रे जो

नवव्या दिवशी काहिल चढली
गुळव्या म्हणतो, चवच वाढली
आबा हौशी, ढेप फोडली
जो बाळा जो जो रे जो

बाराव्याला आत्या आली
कानापाशी कुर्र केली
पाठीवर मग धुळवड झाली
जो —— जो जो रे जो

छापताना अक्षर मोठं घेतलं, एका पानावर सगळं बसवलं आणि दोघींत एक अशा झेरॉक्स काढल्या. आदल्या दिवशी पहिली दोन कडवी म्हणून रेकॉर्ड केली आणि दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकली, म्हणजे चाल कानावर पडून राहते. शब्द सगळे पाठवले नाहीत. ढेप फोडल्याचं कडवं आबांनी बारशातच ऐकावं अशी माझी इच्छा होती.

बारसं संध्याकाळी. आईने हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या होत्या, पाळण्याला झेंडूच्या माळा, बाळाच्या डोक्याला खणाची कुंची. आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, मग बाळाला. आत्याबाई खाली वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. मग सरळ उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘तारा!’ त्याबरोबर आमच्या बायकांनी त्यांच्या पाठीत असे काही धपाटे घातले की त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

मग पाळणा सुरू झाला. ओळी मी आणि माझी मामी म्हणत होतो, धृपदाला सगळ्या. पहिल्या कडव्याला आवाज चाचरत होते, ‘दागिना’ला हशा आला आणि तिथून सगळ्या मोकळ्या झाल्या. बाबा दाराशी उभे होते. ‘गुडघ्यापाशी ऊन थांबले’ आलं तेव्हा त्यांनी आईकडे बघून मान हलवली. गुळव्याच्या कडव्याला सासरच्या बायकांनी आपण होऊन टाळ्यांचा ठेका धरला आणि ‘आबा हौशी’ला तर गलकाच झाला. ते कडवं दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. आबा लाजून गच्चीत गेले. शेवटच्या कडव्याला मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. कागदावर रेघ होती, तिथे सगळ्यांनी एका आवाजात ‘जो तारा जो जो रे जो’ म्हटलं.

मी पाळण्याची दोरी सोडणार तेवढ्यात आजी म्हणाली, ‘थांब, वढत ऱ्हा.’ तिला ऐकू कमी येतं, पण नाव तिने नीट ऐकलं होतं. आमच्या कोल्हापुरात तारा म्हटलं की आभाळाआधी आठवते ती ताराराणी. कावळा नाक्यावर तिचा पुतळा आहे, घोडा मागच्या दोन पायांवर उभा आणि राणी वर ताठ. इचलकरंजीहून येताना आत्याबाई त्याच चौकातून आल्या होत्या. आजीने दोन हेलकावे जाऊ दिले, आणि तिसऱ्याला जात्यावरच्या त्याच भरदार आवाजात म्हणायला लागली. मला ते कडवं कागदाच्या पाठीवर धावत लिहून घ्यावं लागलं. नंतर मोजलं तर प्रत्येक ओळ सोळाच्या सोळा मात्रा.

नाक्यावरची राणी बघते
घोडा उभाच, लगाम धरते
खुशाल घे गं नाव, सांगते
जो तारा जो जो रे जो